मुडदूस आणि खिडकीची काच

‘मुडदूस’ हा शब्द शाळेच्या पुस्तकात ‘ड’ जीवनसत्त्वापुढच्या रकान्यात भेटतो आणि परीक्षा झाली की आपण त्याला विसरतो. हा रोग दुष्काळी मुलखातला, दूध-तुपाच्या घरात त्याचे काय काम, अशी आपली पक्की समजूत असते. पण गेल्या वर्षी हे महाशय मुंबईत, आमच्या नात्यातल्याच एका खात्यापित्या घरी तिसऱ्या मजल्यावर येऊन दाखल झाले.

मुलगी एकोणीस महिन्यांची. उभी राहिली की पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले, आणि दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये मोठी फट. पांगुळगाड्यात लवकर घातल्याचा हा परिणाम, असा आजींनी निकाल दिला. शेजारच्या काकूंनी सारे खापर जाड लंगोटावर फोडले. वास्तविक या वयात थोडे फेंगडे पाय बहुतेक मुलांचे असतातच. दोन वर्षांच्या सुमारास ते सरळ होतात, तिसऱ्या-चौथ्या वर्षी उलट गुडघेच एकमेकांना घासू लागतात, आणि सातव्या वर्षापर्यंत सगळे आपोआप जागेवर येते. तेव्हा नुसत्या पायांवरून काही ठरत नाही.

म्हणूनच डॉक्टरांनी आधी पाय न बघता मनगट चाचपले. ते रुंद लागले, जणू एका सांध्यावर दुसरा सांधा ठेवला आहे. छातीवर बरगड्यांच्या टोकांशी मण्यांसारख्या गाठीही हाताला लागत होत्या. मग मनगट आणि गुडघा यांचे एक्स-रे काढले.

त्या चित्रात काय दिसते, ते समजून घेण्यासारखे आहे. लांब हाडाच्या टोकाशी कूर्चेची एक पातळ पट्टी असते. हाडाची लांबी तिथेच वाढते. कूर्चेच्या पेशी एकीकडून तयार होतात आणि दुसरीकडे त्यांच्या जागी चुना भरून पक्के हाड बनते. कूर्चा एक्स-रेत उमटत नाही, म्हणून निरोगी मुलाच्या चित्रात तिथे एक बारीक काळी रेघ दिसते. चुना-फॉस्फरस कमी पडला की जुन्या पेशी हटत नाहीत, नव्यांची भर पडतच राहते, आणि रेघेची रुंद फट होते. फटीशेजारचे हाडाचे टोक बशीसारखे खोलगट आणि जुन्या फडक्याच्या कडेसारखे विसविशीत दिसते. अशा मऊ हाडावर अंगाचा भार पडला की ते वाकायचेच.

परंतु एक्स-रे ‘मुडदूस आहे’ एवढेच सांगतो, ‘का’ हे सांगत नाही. त्यासाठी रक्त तपासावे लागते. या मुलीचे अल्कलाइन फॉस्फटेज खूप वाढलेले, फॉस्फरस कमी, पॅराथायरॉइडचे संप्रेरक चढलेले, आणि ‘ड’ जीवनसत्त्व 7 नॅनोग्रॅम. 12 च्या खाली गेले की कमतरता धरतात.

आजींना हे पटेना. “अहो डॉक्टर, रोज सकाळी सातला कोवळ्या उन्हात खिडकीपाशी निजवते हो मी तिला!”

“आजी, खिडकी उघडी असते की बंद?”

“बंदच! धूळ केवढी येते!”

इथेच सारी मेख होती. कातडीत ‘ड’ जीवनसत्त्व तयार करणारे किरण साध्या काचेतून आत येत नाहीत. ऊब तेवढी येते. शिवाय सकाळच्या तिरप्या उन्हात ते किरण नावालाच असतात. आईच्या दुधातही ‘ड’ जीवनसत्त्व फार थोडे, आणि दिवसभर कचेरीत बसणाऱ्या या आईचा साठा तर तपासणीत रिताच निघाला. पहिले वर्षभर रोज 400 युनिटांचे थेंब द्यायचे असतात. बाळ बाळसेदार दिसते म्हणून ते तिसऱ्या महिन्यातच बंद केलेले!

उपचार साधा निघाला: तीन महिने रोज 3000 युनिटे, आणि आहार धरून दिवसाला निदान 500 मिलिग्रॅम कॅल्शियम. ते विसरले तर नुसत्या ‘ड’ जीवनसत्त्वाने भागत नाही. चार आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे काढला, तेव्हा हाडाच्या टोकाशी पांढरी दाट रेघ उमटली होती. चुना भरू लागल्याची ती खूण. पाय सरळ व्हायला मात्र वर्ष-दीड वर्षही लागते.

या काळात घरी एक धोका टळला. मोठ्यांसाठी आणलेली 60,000 युनिटांची पुडी कपाटात होती. आठवड्यातून एकदा घ्यायची ती. “हीच रोज थोडी थोडी देऊ या का?” असे कुणीतरी सुचवले. डॉक्टरांनी साफ मना केले. मात्रा अति झाली की रक्तातले कॅल्शियम चढते. मूल ओकते, त्याला बद्धकोष्ठ होतो, सारखी तहान लागते, आणि मूत्रपिंडांवर आघात होतो.

आणि महिना उलटूनही ती पांढरी रेघ दिसलीच नाही तर? औषध नीट पोटात गेले की नाही, हे आधी पाहतात. गेले असेल, तर मूत्रपिंडातून फॉस्फरस वाहून जाण्याचा एक आनुवंशिक विकार शोधतात. त्यात ‘ड’ जीवनसत्त्व पुरेसे असूनही एक्स-रेत हीच रुंद फट दिसते, आणि त्याची औषधे अगदी निराळी असतात.