शाळेतलं द.सा.द.शे. आणि बाजारातला शेकडा

(चारठाणा येथील माजी विद्यार्थ्यांच्या स्नेहमेळाव्यात एका इंजिनिअरने केलेलं भाषण)



सातवीत सरळव्याजाच्या धड्यात मला पैकीच्या पैकी गुण होते. पुढे इंजिनिअर झालो, नोकरी लागली, पहिली मोटारसायकल हप्त्यावर घेतली आणि त्याच धड्यात नापास झालो. कसा, ते तिसऱ्या मुद्द्यात सांगतो. पैशाचं गणित आपल्या पुस्तकात आहेच. सातवीत ‘बँक व सरळव्याज’, आठवीत चक्रवाढ व्याज, दहावीत अर्थनियोजन. तेच गणित बाजारात वेगळे कपडे घालून येतं तेव्हा आपण ते ओळखत नाही, आणि ते ओळखायला शाळेतच शिकवावं, एवढीच माझी मागणी आहे.

मुद्दा 1 : ‘दर साल’ कुठे गळतं ते पाहा.
पुस्तकात लिहिलेलं असतं, द.सा.द.शे. 12. म्हणजे दर साल दर शेकडा. गावात कुणी म्हणतं, “शेकडा तीनने देतो.” बारापेक्षा तीन कमीच वाटतात. पण इथला शेकडा महिन्याचा असतो. तीन गुणिले बारा, म्हणजे सालाचे 36.

समजा, जूनमध्ये सोयाबीनच्या पेरणीला 50,000 रुपये उचलले. महिन्याला 1,500 रुपये व्याज. नोव्हेंबरअखेर माल विकेपर्यंत सहा महिन्यांचे 9,000. पाऊस दगा देऊन गेला, काहीच फेडता आलं नाही आणि व्याज दर महिन्याला मुद्दलात चढत गेलं, तर दोन वर्षांत 50,000 चे एक लाखावर जातात. हे तोंडी काढायची युक्ती सोपी आहे : 72 ला दराने भागा. दर महिन्याचा असेल तर उत्तर महिन्यांत येतं. 72 भागिले 3, म्हणजे 24 महिन्यांत दुप्पट.

आता कायदा बघा. महाराष्ट्राच्या 2014 च्या सावकारी नियमन कायद्याखाली परवानाधारक सावकाराला शेतीच्या कर्जावर तारण असेल तर सालाला 9 आणि तारण नसेल तर 12 टक्के, एवढाच दर लावता येतो. मुद्दलापेक्षा जास्त व्याज त्याला वसूल करता येत नाही. शेकडा तीन हा त्या बाराच्या तिप्पट झाला. तक्रार तालुक्याला, सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकांकडे करता येते. पण दर जास्त आहे हेच ज्याला कळलं नाही, तो तक्रार कशाची करणार?

मुद्दा 2 : काही व्याजाला व्याज म्हणतच नाहीत.
खत-बियाणं उधारीवर घेतलं तर पावतीवर व्याजाचा रकाना नसतो. समजा, रोखीने 10,000 रुपयांचा माल उधारीवर 11,500 ला मिळाला आणि पैसे पाच महिन्यांनी द्यायचे ठरले. वरचे 1,500 हे पाच महिन्यांचं व्याज आहे. महिन्याला 300, म्हणजे पुन्हा शेकडा तीनच. दुकानदाराला मी दोष देत नाही. त्याचेही पैसे अडकतात. पण घरी याला ‘भाव’ म्हणतात, व्याज म्हणत नाहीत, म्हणून त्याची तुलना कुणी करत नाही.

तुलना पीककर्जाशी करायला हवी. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून व्याज शून्यावर येतं. वेळ चुकली की सवलत गेली. यालाही मर्यादा आहेच. सातबारा नावावर नाही किंवा जुनी थकबाकी आहे, त्याला बँक उभं करत नाही. त्याचा प्रश्न नुसत्या हिशोबाने सुटणार नाही, हे मला मान्य आहे. पण ज्याला पीककर्ज मिळू शकतं तोही फेऱ्यांना कंटाळून उधारी करतो. त्या फेऱ्या टाळण्याची किंमत किती, हे त्याला आकड्यात दिसलं पाहिजे.

मुद्दा 3 : व्याज कोणत्या रकमेवर लावलं ते विचारा.
आता माझी मोटारसायकल. आकडे सोपे करून सांगतो. कर्ज 60,000, मुदत दोन वर्षं, दर 12 टक्के. विक्रेत्याने व्याज काढलं 14,400, एकूण 74,400, भागिले 24, हप्ता 3,100. सातवीच्या पद्धतीने अगदी बरोबर! मी सही केली.

चूक अशी, की सरळव्याजाच्या त्या गणितात मुद्दल दोन्ही वर्षं आपल्याकडेच राहतं. मी मात्र दर महिन्याला मुद्दल परत करत होतो. वर्षाने निम्म्याच्या आसपास फेडलं होतं, तरी व्याज पूर्ण 60,000 वरच चालू होतं. याला सपाट दर म्हणतात. उरलेल्या रकमेवर मोजलं तर तो दर 12 नव्हता, साडेएकवीसच्या वर होता. ढोबळ हिशोब लक्षात ठेवा : हप्त्याच्या कर्जात सपाट दराच्या जवळजवळ दुप्पट, थोडा कमी, हा खरा दर.

तुम्हाला आज माझ्यापेक्षा एक सोय जास्त आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 1 ऑक्टोबर 2024 पासून बँका आणि वित्त कंपन्यांनी अशा कर्जाआधी ग्राहकाला एक तथ्यपत्रक द्यावं लागतं. त्यात सगळं शुल्क धरून काढलेला वार्षिक दर असतो. विक्रेता हप्ता सांगेल. तुम्ही तो कागद मागा आणि तो एक आकडा शोधा.

मुद्दा 4 : ठेवताना तोच 72 चा आकडा उलटा वापरा.
पोस्टाचं किसान विकास पत्र साडेसात टक्क्यांनी 115 महिन्यांत, म्हणजे साडेनऊ वर्षांच्या थोडं वर, दुप्पट होतं. 72 ला साडेसातने भागून पाहा. आता कुणी “पाच वर्षांत दामदुप्पट” म्हणाला, तर 72 भागिले 5, म्हणजे तो सालाला चौदा टक्क्यांच्या वर देतो म्हणतोय. मग एकच प्रश्न विचारायचा : हा ज्याला कर्ज देतो, तो याला किती टक्के देत असेल, आणि इतकं महाग कर्ज घेणारा फेडेल का?

दुसरी गोष्ट विम्याची. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्याही, प्रत्येक ठेवीदाराला एका बँकेत पाच लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्था आणि मल्टिस्टेट पतसंस्था यांना तो नाही. पाटी सारखीच, काउंटर सारखंच, पासबुकही सारखंच. पण तो विमा नसतो. बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटमध्ये 2023 पासून मराठवाड्यातल्या ठेवीदारांचे पैसे अडकले, तेव्हा हा फरक अनेक घरांना पहिल्यांदा कळला. सगळ्या पतसंस्था बुडतात असं मी म्हणत नाही. पण लग्नासाठी साठवलेली सगळी रक्कम अशा एकाच ठिकाणी, केवळ टक्का-दोन टक्के जास्त मिळतात म्हणून ठेवू नये.

मुद्दा 5 : नवा विषय नको, नवे कागद आणा.
मुख्याध्यापकांना विनंती आहे, की याचा वेगळा तास लावू नका. तो परीक्षेआधी बंद पडेल. सरळव्याजाच्या धड्याला उधारीची पावती जोडा. चक्रवाढीच्या धड्याला दामदुप्पटची जाहिरात. अर्थनियोजनाच्या धड्याला कर्जाचं तथ्यपत्रक. नावं आणि खाते क्रमांक खोडून हे कागद आम्ही माजी विद्यार्थी आणून देऊ. वर्गात कुणाच्या घरचं कर्ज विचारू नका. पोराची मान खाली जाईल असा धडा नको.

मुलांनो, तुम्हाला घरचा अभ्यास एवढाच. यापुढे घरात कुणी टक्का किंवा शेकडा म्हणालं, की तीन प्रश्न विचारायचे : महिन्याला की सालाला? पूर्ण रकमेवर की उरलेल्या? आणि ठेव असेल तर, विमा आहे का? मोठी माणसं पहिल्यांदा रागावतील. तरी विचारा.