विश्लेषण : सात वर्षांच्या मुलीला ‘पाळी’? रक्त दिसले तर आधी काय पाहायचे?

साकीनाक्याच्या खैरानी रोडवरची एखादी दहा बाय बाराची खोली डोळ्यांसमोर आणा. दुसरीत शिकणाऱ्या मुलीला अंघोळ घालताना आईच्या हाताला छातीपाशी बटणाएवढी कडक गाठ लागते. किंवा धुवायला घेतलेल्या चड्डीवर रक्ताचा डाग दिसतो. शेजारीण म्हणते, ‘हल्लीच्या मुली लवकरच वयात येतात.’ मग कुणी दुधाला दोष देते, कुणी कोंबडीला. विषय तिथेच दबतो. मात्र ही दोन लक्षणे एकाच गोष्टीची नाहीत. त्यांची निकडही सारखी नाही. आठ वर्षांआधी दिसलेली छातीची वाढ येत्या काही दिवसांत बालरोगतज्ज्ञांना दाखवावी. रक्तस्राव मात्र त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी दाखवावा.

आठ वर्षे ही मर्यादा कशासाठी?

मुलगी वयात येण्याची सुरुवात पाळीने होत नाही, ती स्तनांच्या वाढीने होते. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीकडून अंडाशयांना संदेश जाऊ लागतात. अंडाशये इस्ट्रोजेन हे संप्रेरक तयार करतात आणि त्याचा पहिला परिणाम छातीवर दिसतो. पाळी सहसा त्यानंतर दोन ते अडीच वर्षांनी येते. ही सुरुवात आठ वर्षे पूर्ण होण्याआधी झाली, तर वैद्यकशास्त्र तिला लवकर वयात येणे म्हणते.

हा क्रम लक्षात ठेवला की निम्मा गोंधळ संपतो. छाती सपाट असताना रक्त दिसले, तर ती बहुधा पाळी नसते. पायऱ्या न चढता कुणी वरच्या मजल्यावर पोहोचत नाही. अशा वेळी रक्ताचे कारण दुसरीकडे शोधावे लागते.

ती गाठ आहे की नुसती चरबी?

अंगाने भरलेल्या मुलींची छाती वयात न येताही उठून दिसते. फरक हाताला कळतो. मुलीला आडवे झोपवले की चरबी पसरते आणि मऊ लागते. स्तनाची खरी वाढ असेल, तर स्तनाग्राच्या बरोबर खाली चकतीसारखा घट्ट भाग लागतो. तो अनेकदा दुखरा असतो आणि बऱ्याचदा आधी एकाच बाजूला येतो. एकाच बाजूची गाठ म्हणजे कर्करोग, या भीतीने पालक हबकतात. या वयात ती जवळजवळ नेहमी वाढू लागलेली स्तनाची कळीच असते. म्हणून बालरोगतज्ज्ञांना दाखवल्याशिवाय तिथे सुई घालू देऊ नये आणि गाठ काढूही देऊ नये. ती कळी काढली गेली, तर त्या बाजूचा स्तन पुढे कधीच नीट वाढत नाही.

वयानुसार अर्थ बदलतो. नवजात बाळाची छाती आईच्या संप्रेरकांमुळे फुगते, कधी थेंबभर दूधही येते. काही घरांत मालिशवाली ती दाबून दूध काढते. त्यातून जंतुसंसर्ग होऊन पू होऊ शकतो, त्यामुळे हात लावू नये. दोन-तीन वर्षांखालील मुलींमध्ये नुसती छाती थोडी वाढते आणि बाकी काहीच बदलत नाही, असेही बरेचदा होते. ते आपोआप ओसरते. तरी एकदा दाखवावे आणि दर काही महिन्यांनी उंची मोजत राहावे.

उंचीला एवढे महत्त्व का?

शरीर खरोखर वयात येत आहे की नाही, हे उंचीच्या वेगावरून कळते. चार वर्षांनंतर आणि वयात येईपर्यंत मुलगी साधारणपणे वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढते. वयात येताना हा वेग वाढतो.

समजा, एक मुलगी सात वर्षे चार महिन्यांची आहे. गेल्या वर्षी याच सुमारास तिची उंची 116 सेंटिमीटर होती, आता 124 आहे. म्हणजे वर्षात आठ सेंटिमीटर. छातीतली गाठ पाच महिन्यांपूर्वी लागली होती, आता दोन्ही बाजूंना आहे. घरचे खूश असतात, पोरगी झपाट्याने उंच होते आहे. डॉक्टर मात्र इथेच सावध होतात. ते डाव्या हाताच्या पंजाचा एक्स-रे काढायला सांगतात. त्यावरून हाडांचे वय कळते. समजा, ते साडेनऊ वर्षे आले. याचा अर्थ हाडे वयाच्या दोन वर्षे पुढे धावत आहेत आणि ती लवकर जुळून वाढ थांबणार आहे. आज वर्गात सर्वांत उंच असलेली ही मुलगी मोठेपणी बुटकी राहू शकते.

पुढची पायरी रक्ततपासणीची. पीयूष ग्रंथीचे एलएच हे संप्रेरक जागे झाले आहे का, हे तीत पाहतात. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत गर्भाशय वाढले आहे का, ते दिसते. सुरुवात मेंदूकडून झाली आहे असे ठरले, तर काही मुलींच्या मेंदूचा एमआरआय करतात. सहा वर्षांखालील मुलींमध्ये तो टाळू नये, कारण त्या वयात मेंदूत काही दोष सापडण्याची शक्यता अधिक असते. सहा ते आठ वयातील बहुतेक मुलींत असे काही सापडत नाही. सोबत डोकेदुखी, उलट्या, नजर अंधुक होणे किंवा फिट येणे असेल, तर मात्र वय कोणतेही असो, थांबू नये.

प्रत्येकीला इंजेक्शन लागते का?

नाही. काही मुलींमध्ये बदल सुरू होतात, पण फार संथ चालतात. त्यांना तीन ते सहा महिन्यांनी तपासत राहणे पुरते. आपल्या उदाहरणातली मुलगी वेगाने पुढे जात आहे, म्हणून तिला पीयूष ग्रंथीचे संदेश थांबवणारे इंजेक्शन महिन्याला किंवा तीन महिन्यांनी एकदा देतात. साधारण अकराव्या वर्षाच्या सुमारास ते बंद करतात आणि त्यानंतर पाळी आपसूक येते. या औषधाने पुढे मूल होत नाही, ही भीती निराधार आहे. अडचण वेगळी आहे. इंजेक्शनची तारीख चुकली की दाबलेली प्रक्रिया पुन्हा उसळते. शिवाय हाडे बरीच पुढे गेल्यावर उपचार सुरू केले, तर उंचीचा फायदा थोडाच होतो. त्यामुळे ‘सुट्टीत दाखवू’ म्हणून काढलेले सहा महिने महाग पडतात.

दूध आणि कोंबडीमुळे हे होते, असे ठामपणे सांगता येत नाही. वाढलेल्या वजनाशी मात्र त्याचा संबंध दिसतो. करोनाच्या टाळेबंदीत पुण्याच्या जहांगीर रुग्णालयातील बालअंतःस्रावतज्ज्ञांकडे येणाऱ्या मुलांमध्ये लवकर वयात आलेल्या मुलींचे प्रमाण आधीच्या तुलनेत तिपटीहून अधिक झाले होते. इटलीतील डॉक्टरांनीही त्याच काळात अशी वाढ नोंदवली. घरात कोंडलेपण, बंद झालेले खेळ, वाढलेले वजन यांकडे बोट दाखवले गेले, पण नेमके कारण सिद्ध झालेले नाही.

रक्त दिसले तर?

जन्मानंतरच्या पहिल्या एक-दोन आठवड्यांत बाळाला दिसणारे थोडे रक्त आईची संप्रेरके ओसरल्याने असते आणि थांबते. त्यानंतर आठ वर्षांपर्यंत दिसलेले कोणतेही रक्त ‘पाळी’ म्हणून सोडू नये. आधी पाहावे, रक्त नेमके कुठून येते आहे? लघवीच्या किंवा शौचाच्या जागेवरचे रक्तही चड्डीवर तसेच दिसते. सायकलच्या दांड्यावर पडल्याने जखम होते. रात्री जंत बाहेर येतात आणि खाजवून त्वचा फाटते. रक्तमिश्रित, दुर्गंधी असलेले पाणी अंगावरून जात असेल, तर आत टिश्यू पेपरचा बोळा किंवा खेळण्याचा तुकडा अडकलेला असू शकतो. औषधाने वास जातो आणि पुन्हा येतो, ही त्याची खूण. लघवीच्या छिद्रातून लालसर कडे बाहेर आलेले असू शकते. क्वचित गाठही असते.

दोन कारणे सहज निसटतात. मुलगी सुस्त आहे, बद्धकोष्ठ आहे, उंची वाढायची थांबली आहे आणि तरीही छाती वाढली किंवा रक्त आले, तर थायरॉइड तपासावे. इथे उंचीचा नियम उलटा लागतो आणि थायरॉइडच्या गोळ्यांनी सगळे पूर्ववत होते. दुसरे, अंगावर वेड्यावाकड्या कडांचे कॉफीच्या रंगाचे मोठे डाग असतील, तर ते डॉक्टरांना जरूर दाखवावेत.

आणि एक शक्यता आहे, जी घरात उच्चारली जात नाही. लैंगिक अत्याचार. प्रत्येक रक्तस्रावामागे तो असतो असे नाही, पण डॉक्टरांनी तो विचार केलाच पाहिजे. शंका असेल तर मुलीला अंघोळ घालू नये, कपडे धुऊ नयेत आणि तिला पुन्हा पुन्हा प्रश्न विचारू नयेत. ती जे सांगते ते तिच्याच शब्दांत लक्षात ठेवावे. 2012च्या पोक्सो कायद्यानुसार मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरांनीच करायची असते आणि ती पालक किंवा मुलीच्या विश्वासातील व्यक्तीसमोर होते. उपचारांसाठी रुग्णालय आधी पोलिसांचा कागद मागू शकत नाही. 1098 ही बालकांसाठीची हेल्पलाइन आहे.

तपासणीची भीती का नको?

लहान मुलीची तपासणी बाहेरूनच केली जाते. आत उपकरण घातले जात नाही. आत पाहणे अगदी गरजेचेच असेल, तर भूल देऊन पाहतात. साकीनाक्याहून मेट्रोने घाटकोपरला उतरले की पालिकेचे राजावाडी रुग्णालय जवळ आहे. तेथे बालरोगतज्ज्ञ पाहतील. संप्रेरकांच्या तपासण्या आणि उपचारांची गरज पडली, तर परळच्या वाडिया बाल रुग्णालयात बालअंतःस्रावतज्ज्ञ आहेत. जाताना बदल पहिल्यांदा कधी दिसला ती तारीख, आईला पहिली पाळी कोणत्या वर्षी आली, आई-वडिलांची उंची, चालू असलेली औषधे व मलमे आणि मुलीच्या उंचीच्या जुन्या नोंदी सोबत असाव्यात.

या शेवटच्या गोष्टीत शाळांचाही वाटा आहे. अनेक शाळांच्या प्रगतिपुस्तकात दोन्ही सत्रांची उंची आणि वजन लिहायला रकाने असतात. ते बऱ्याचदा अंदाजाने भरले जातात, किंवा गेल्या सत्राचाच आकडा उतरवला जातो. ते आकडे खरे असते, तर आपल्या उदाहरणातल्या मुलीच्या उंचीचा वाढलेला वेग नोंदींतूनही दिसला असता. भिंतीला लावलेली टेप आणि वर्षातून दोनदा दहा मिनिटे, शाळेकडून एवढीच अपेक्षा आहे. तोवर घराच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलने रेघ ओढावी आणि शेजारी तारीख लिहावी.