दोन नावांमधले बिननावी वादळ

सप्टेंबर २०२१च्या अखेरीस बंगालच्या उपसागरातले एक वादळ आंध्रच्या किनाऱ्यावर आले. तेव्हा त्याचे नाव ‘गुलाब’ होते. देश ओलांडून ते अरबी समुद्रात उतरले आणि ३ ऑक्टोबरला ओमानवर आदळले, तेव्हा ते ‘शाहीन’ झाले होते. मधल्या वाटेत मराठवाडा, विदर्भ आणि उत्तर महाराष्ट्र लागला, तिथे मात्र त्याला नावच उरले नव्हते. समुद्रापासून सुमारे दोनशे किलोमीटर आत असलेल्या, खानदेशातल्या सोनगीरसारख्या गावाने हा प्रकार समजून घ्यायला हवा.

नाव मिळते ते वाऱ्याच्या वेगावर. समुद्रावर हवेचा दाब घटला की भोवतालचे वारे त्या जागेकडे धावतात आणि चक्राकार फिरू लागतात. या वाऱ्यांचा वेग ताशी ३१ किलोमीटर झाला की हवामान विभाग त्याला ‘डिप्रेशन’ म्हणतो, म्हणजे तीव्र झालेले कमी दाबाचे क्षेत्र. हाच वेग ६२ किलोमीटरवर गेला की ते चक्रीवादळ ठरते आणि त्याचे नामकरण होते. पाऊस किती पडणार, याचा या मोजमापाशी संबंध नसतो.

नाव त्या वेळी शोधले जात नाही, ते आधीच ठरलेले असते. बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्र यांसाठी तेरा देशांचा गट आहे आणि नाव जाहीर करण्याचे काम भारतीय हवामान विभागाच्या दिल्ली केंद्राकडे आहे. प्रत्येक देशाने तेरा नावे दिली आणि १६९ नावांची यादी एप्रिल २०२०मध्ये प्रसिद्ध झाली. देश इंग्रजी वर्णक्रमाने मांडलेले आहेत, त्यामुळे पहिले नाव बांगलादेशचे, दुसरे भारताचे, तिसरे इराणचे. जून २०२०मध्ये रायगडच्या किनाऱ्यावर आलेले ‘निसर्ग’ हे या यादीतले पहिले नाव, बांगलादेशने सुचवलेले. ‘गुलाब’ पाकिस्तानने दिले होते आणि त्यानंतरचे ‘शाहीन’ कतारने. वादळ कोणत्या देशाकडे जाणार, याचा या क्रमाशी काही संबंध नाही.

आता महाराष्ट्रातल्या प्रवासाकडे पाहू. चक्रीवादळाला ऊर्जा मिळते ती उबदार समुद्राच्या बाष्पातून. जमिनीवर ही रसद तुटते आणि वारा ओसरतो. २६ सप्टेंबरच्या संध्याकाळी किनारा ओलांडल्यावर ‘गुलाब’ दोन दिवसांत डिप्रेशनच्याही खाली, साध्या कमी दाबाच्या क्षेत्रापर्यंत उतरले. पण बाष्प शिल्लक होते. मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले आणि काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात गेले. हे अवशेष गुजरातमार्गे अरबी समुद्रात पोहोचल्यावर तिथे नव्याने बळावले. मधे जोर इतका मोडला होता की त्यांना नवी प्रणाली मानले गेले आणि यादीतले पुढचे नाव मिळाले.

वापरलेल्या नावाचे पुढे काय होते? अटलांटिक महासागरासाठी सहा याद्या आहेत. त्या आलटून पालटून चालतात, म्हणजे एका वर्षीची नावे सहा वर्षांनी परत येतात. एखादे वादळ फार प्राणघातक ठरले, तर संबंधित देशांची समिती वार्षिक बैठकीत ते नाव यादीतून कायमचे काढते आणि त्या जागी दुसरे घालते. २००५चे ‘कॅटरिना’ असेच निवृत्त झाले आणि २०११ला त्या जागी ‘कातिया’ आले. वायव्य प्रशांत महासागरातही फिलिपिन्समध्ये हजारो बळी घेणाऱ्या २०१३च्या ‘हैयान’चे नाव बाद झाले.

यामागे दोन कारणे आहेत. ज्यांची माणसे गेली, त्यांना तेच नाव पुन्हा इशाऱ्यात ऐकवणे निर्दयपणाचे ठरते. दुसरे कारण व्यवहाराचे आहे. विम्याचे दावे, भरपाईची प्रकरणे आणि संशोधन यांत ते नाव वर्षानुवर्षे येत राहते. एकाच नावाची दोन वादळे झाली, तर घोटाळा अटळ असतो.

आपल्या समुद्रांत निवृत्तीची वेगळी बैठक लागत नाही, कारण इथे प्रत्येक नाव एकदाच वापरायचे असा नियम आहे. मग वादळ सौम्य असो की संहारक. २००४पासून वापरात आलेली ६४ नावांची पहिली यादी मे २०२०च्या ‘अम्फान’बरोबर संपली. म्हणजे सोळा वर्षांत ६४, वर्षाला सरासरी चार. याच गतीने १६९ नावे चाळीस वर्षांच्या आसपास पुरतील.

आपला नियम अधिक सरळ आहे. कोणते वादळ ‘पुरेसे’ घातक होते, हा वाद तो उद्भवूच देत नाही. नावामुळे किनाऱ्यावरच्या मच्छीमारापर्यंत इशारा चटकन पोहोचतो, हेही खरे. पण हे नाव वाऱ्याचे आहे, पाण्याचे नाही. खानदेशात वादळ पोहोचते ते बहुधा नाव गळून पडल्यावर, पाऊस घेऊन. म्हणून ‘चक्रीवादळ निवळले’ ही बातमी ऐकून शेतकऱ्याने निर्धास्त होऊ नये. धुळे आणि जळगाव जिल्ह्यांसाठी त्या दिवशी पावसाचा पिवळा, नारिंगी की लाल इशारा आहे, हे पाहूनच कापणी, मळणी आणि नदीकाठच्या जनावरांचा निर्णय घ्यावा.