चालू, थांबलेले आणि 'या महिन्यात नको'वाले

दर महिन्याला घरपोच खोका पाठवणाऱ्या धंद्यात सगळ्यात फसवा आकडा कुठला असेल, तर तो डॅशबोर्डवर सगळ्यात मोठ्या अक्षरांत असतो तो: अॅक्टिव्ह सबस्क्रायबर्स. माझं मत सांगतो. हा आकडा गुंतवणूकदाराला दाखवायला ठीक आहे, पण त्यावरून माल मागवू नये.

हे मत हवेतलं नाही. माझी एक मैत्रीण पुण्यातून खाऊचा खोका चालवते. सांगलीचं भडंग, कोकम, दोन प्रकारचे लाडू, एखादी चटणी असं काहीबाही त्यात असतं, आणि गिऱ्हाईक म्हणजे बंगळूर-हैदराबादला नोकरीला गेलेली आपल्यासारखीच मंडळी. तिच्या मालाच्या याद्यांचं गणित गेलं वर्षभर वीकांताला मी बघतो. (मोबदला अर्थातच भडंग. :-)) खालचे आकडे तिचेच, फक्त सोयीसाठी गोल केलेत.

तिचं वेळापत्रक असं. १० तारखेला सगळ्या कारागिरांना मालाचा आकडा द्यायचा, २० तारखेला गिऱ्हाइकांच्या खात्यातून पैसे वळते होतात, २५ला खोके निघतात. भडंगवाले काका फोनवर स्पष्ट सांगतात, "ताई, दहाला आकडा सांगा. मागनं शंभर वाढवा म्हणाल तर जमायचं नाही." म्हणजे प्रश्न 'आज किती गिऱ्हाईकं आहेत' हा नाहीच. 'आज जे दिसतंय त्यातले २० तारखेला किती उरतील' हा आहे. या दहा दिवसांतच सगळी गंमत होते.

जूनचं उदाहरण घेऊ. १० तारखेला अॅक्टिव्ह ८००, पॉज केलेले १२०, जूनचा खोका स्किप केलेले ६०. पहिला खड्डा इथेच आहे. स्किप करणारा माणूस अॅक्टिव्हच असतो, त्याने फक्त एक महिना नको म्हटलंय. पॉज ही माणसाची अवस्था आहे, स्किप ही एका महिन्यापुरती घटना. त्यामुळे ते ६० जण या ८०० मध्येच धरलेले आहेत. वजा केले की राहिले ७४०. बहुतेक लोक इथे थांबतात आणि ७४० मागवतात.

पण स्किप १० तारखेला संपत नाहीत, उलट तेव्हा कुठे सुरू होतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार आपोआप वळत्या होणाऱ्या पैशांची सूचना ग्राहकाला किमान २४ तास आधी द्यावी लागते. तो एसेमेस आला की माणसाला आठवतं, अरे, मागचाच डबा अजून संपला नाहीये! मैत्रिणीकडे १०च्या नंतर आणखी साधारण ७ टक्के लोक स्किप करतात आणि त्यातले बहुतेक त्या सूचनेनंतरच. ७४० चे ७ टक्के म्हणजे ५२, उरले ६८८. त्यातल्या ६ टक्क्यांचे पैसे पुन्हा प्रयत्न करूनही वळते होत नाहीत. खात्यात शिल्लक नाही, कार्ड बदललंय, काहीही. असे ४१ गेले, राहिले ६४७. हे ४१ जण डॅशबोर्डवर महिनाअखेरपर्यंत 'अॅक्टिव्ह' म्हणून मिरवत असतात, ते वेगळंच.

आता पॉजवाले. हे १२० म्हणजे एक गठ्ठा नव्हे. त्यातल्या ७० जणांनी परत सुरू करायची तारीख जूनमधली दिली होती, कारण मे महिन्यात ते सुट्टीला गावी आले होते (आणि गावी खाऊचा खोका कशाला हवा!). अशा तारीखवाल्यांपैकी सुमारे ५० खरंच परत येतात. तारीख न देता पॉज केलेले ५० जण मात्र मनाने निघून गेलेले असतात, फक्त रद्दचं बटण दाबायचा संकोच. त्यातले दोन आले तरी पुष्कळ. शिवाय २० तारखेपर्यंतचे नवे ३०. बेरीज ७२९.

तुम्ही म्हणाल, ७४० आणि ७२९ मध्ये असा काय फरक आहे, कशाला एवढा उपद्व्याप? मैत्रीणही हेच म्हणाली होती. जूनमध्ये सुट्टीवरून परतणाऱ्यांनी बाकीची सगळी गळती भरून काढली होती, म्हणून चुकीची पद्धतही बरोबर वाटली. जुलैत बघा: अॅक्टिव्ह ८५०, आधीच स्किप ६५, म्हणजे साध्या हिशोबाने ७८५. नंतरचे स्किप ५५ आणि पैसे न आलेले ४४ काढले तर उरतात ६८६. परतणारे फक्त ८, नवे ३०. एकूण ७२४. म्हणजे ६१ खोक्यांचा माल जास्त. खोक्यातला माल ३५० रुपयांचा, म्हणजे २१ हजारांहून जास्त रुपये अडकले, आणि भडंग तर मऊ पडायला बसलेलंच.

हे ७ टक्के, ६ टक्के आणायचे कुठून? इथे आपल्या जमातीचा दोष आहे. आपण डेटाबेसमध्ये status नावाचा एक कॉलम ठेवतो आणि त्यावर नवं लिहीत राहतो. आज तुम्ही विचारलंत की १० मार्चला कोण कुठल्या अवस्थेत होतं, तर उत्तर नाही. म्हणून दर महिन्याच्या १० तारखेला एकच काम करायचं:

```sql
INSERT INTO snapshot
SELECT CURRENT_DATE, id, status,
       resume_on, skip_month
FROM subscribers;
```

२५ला खोका कोणाला गेला ती यादी याच्याशेजारी ठेवली की सगळे टक्के आपोआप मिळतात. एक्सेलमध्ये रोज 'सेव्ह अॅज' केलं तरी चालेल, फॅन्सी टूल लागत नाही.

राहता राहिला प्रश्न वर किती जास्तीचे घ्यायचे याचा. 'सेफ्टी म्हणून दहा टक्के' हा ठोकळा मला अजिबात पटत नाही. मैत्रिणीकडे उरलेला खोका स्वस्तात विकला तर १५० रुपये जातात. कमी पडला तर ऐनवेळी दुकानातून माल आणून २०० जास्त पडतात. दोन्ही तोटे साधारण सारखेच, मग अंदाजाच्या मध्यापेक्षा किंचित वर राहिलं की पुरे. मागच्या आठ महिन्यांत अंदाज किती चुकला ते लहानापासून मोठ्यापर्यंत मांडलं: २४, १५, ९, ३ ने जास्त धरला होता, आणि मग ६, ८, १७, २६ ने कमी. २०० ला ३५० ने भागलं की येतात ५७ टक्के, म्हणजे आठातला पाचवा. ६ खोके वर. जुलैला मागवायचे ७३०. दहा टक्क्यांच्या ठोकळ्याने ७२ जास्त आले असते.

अर्थात हे सगळ्या वस्तूंना एकसारखं लावायचं नाही. रिकामे छापील पुठ्ठ्याचे खोके खराब होत नाहीत, ते खुशाल शंभर जास्त ठेवा. काटेकोरपणा लाडू-भडंगासाठी.

आणि दिवाळीच्या महिन्यात यातलं काहीही वापरू नका. तेव्हा लोक स्वतःसाठी स्किप करतात आणि भावाबहिणींना पाठवायला चार-चार जास्तीचे मागवतात. त्या महिन्याची आगाऊ नोंदणीच घ्यावी लागते.