मेनूचा क्यूआर एकदाच छापा!

गुरुवारी शिर्डीत गर्दी उसळते. समजा, दुपारी दोनलाच तुमच्या हॉटेलातली मिसळ संपली. क्यूआरमागे पीडीएफ असेल, तर नवी फाइल चढवली की बहुतेकदा लिंकही बदलते आणि छापलेलं स्टिकर वाया जातं. कारण क्यूआरमध्ये मेनू नसतोच, फक्त त्याचा पत्ता असतो. म्हणून पत्ता कायम ठेवा, मजकूर बदला. गूगल शीटमध्ये तीन रकाने पुरेत: पदार्थ, दर, आहे की संपला. लिंक सगळ्यांना ‘फक्त बघण्यापुरती’ द्या. शीट वेबवर ‘पब्लिश’ केली, तर बदल दिसायला काही मिनिटं जातात. तेवढ्यात दोन ऑर्डरी येतात. आणि ‘संपला’ ही खूण गल्ल्यावरच्यानं नको, पातेल्यापाशी उभ्या असलेल्यानंच करावी. आधी कळतं ते त्यालाच!