ट्रिगर लॉक म्हणजे बंदोबस्त नव्हे

मंडळी, रानडुकरांसाठी घेतलेली पीकसंरक्षणाची बंदूक घरात ठेवायची आणि "ट्रिगर लॉक लावलंय, पोरांची काळजी नाही" म्हणायचं, हे मला पटत नाही. ते कुलूप फक्त चाप अडवतं, नळीतलं काडतूस तिथंच राहतं. भरलेल्या बंदुकीला ते बसवतानाच चाप दाबला जाऊन बार उडू शकतो. म्हणून ते रिकाम्या बंदुकीलाच लावायचं.

आमच्याकडची दुनळी बारा बोअर घ्या. उंबऱ्याबाहेरच, नळी जमिनीकडे धरून ती मोडायची, काडतुसं काढायची, दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड दिसतो का बघायचं. मग बंदूक भिंतीला बोल्टनं आवळलेल्या लोखंडी कपाटात. काडतुसंही तिथंच ठेवली तर एक किल्ली सापडली की पोराच्या हाती सगळंच आलं. ती वेगळ्या खोलीत, वेगळ्या कुलुपाच्या पेटीत हवीत.

किल्ल्या कोनाड्यात नकोत, गादीखालीही नकोत. त्या जागा पोरांना आपल्याआधी ठाऊक असतात. किल्ल्या परवानावाल्याच्या कमरेलाच.

पैसे कमी पडले तर ट्रिगर लॉक राहू द्या. कपाट आणि वेगळी पेटी मात्र सोडू नका.