चौकट मराठीची, शब्द इंग्रजीचे

“क्लायंटने ओल्ड टेस्टिंग सर्व्हरवर पॅच टाकायला सांगितलंय.” आयटी कंपनीत असली वाक्यं रोज ऐकू येतात. लोक म्हणतात, ही खिचडी, हिला कसलं आलंय व्याकरण! मला हे पटत नाही.

शाना पॉपलॅक यांनी १९८० मध्ये न्यूयॉर्कमधल्या स्पॅनिश-इंग्रजी बोलण्यावरून नियम मांडला : दोन्ही भाषांचा शब्दक्रम जुळतो तिथेच भाषा बदलते. आता आपलं वाक्य बघा. इंग्रजीत ‘ऑन’ आधी येतो, मराठीत ‘वर’ नंतर. क्रम जुळत नाही, तरी आपण बिनधास्त बोलतो! यावर उत्तर मिळतं की ‘सर्व्हर’ हा उसना शब्द आहे, ती भाषाबदल नव्हेच. ‘सर्व्हर’चं ठीक, पण ‘ओल्ड टेस्टिंग सर्व्हर’ हे अख्खं उसनं? ही मला पळवाट वाटते.

पुणे विद्यापीठातून १९५० साली इंजिनिअर झालेल्या अरविंद जोशींनी १९८२ मध्ये मराठी-इंग्रजी वाक्यंच तपासली. पुढे १९९३ मध्ये कॅरल मायर्स-स्कॉटन यांनी याच दिशेची मांडणी केली : एक भाषा चौकट देते, म्हणजे क्रम, प्रत्यय, क्रियापदाची रूपं. दुसरी त्यात शब्द भरते. म्हणून ‘सर्व्हर रीस्टार्ट केला’ चालतं, पण ‘मी सर्व्हर रीस्टार्टेड’ कोणी म्हणत नाही.

“मला वाटतं, वी शुड रोल बॅक” इथे मात्र दोन्ही नियम पास होतात, त्यामुळे निकाल लागत नाही. खरी परीक्षा प्रत्ययापाशीच. तिथे माझं मत चौकटीला!